देवळाच्या माहितीपत्रकात प्रसाद, तीर्थ, ओटी, सोवळं: शब्द तसाच ठेवायचा की भाषांतर करायचं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. सिंहस्थ तोंडावर आलाय आणि आमच्या भागातल्या एका देवीच्या देवळाचं माहितीपत्रक हिंदी आणि इंग्रजीत करायचं काम माझ्याकडे आलंय. मूळ मराठी मजकूर विश्वस्तांनी दिला आहे आणि तो छोटाच आहे. त्यातला अडणारा भाग असा:

"दुपारी १२ वाजता नैवेद्य व आरती. त्यानंतर सर्वांनी तीर्थ-प्रसाद घ्यावा. देवीची ओटी भरावयाची असल्यास साहित्य पुजाऱ्यांकडे द्यावे. अभिषेकासाठी कार्यालयात पावती करावी, दक्षिणा वेगळी. गाभाऱ्यात सोवळ्याशिवाय प्रवेश नाही. निर्माल्य नदीत टाकू नये."

याचं इंग्रजी आधी कोणीतरी करून ठेवलं आहे. त्यात नैवेद्य, ओटी, दक्षिणा आणि प्रसाद या चारही शब्दांना एकच शब्द लावलाय, 'ऑफरिंग'. म्हणजे बारा वाजता ऑफरिंग होतं, मग सगळ्यांनी ऑफरिंग घ्यायचं, ऑफरिंग पुजाऱ्यांकडे द्यायचं आणि शिवाय ऑफरिंग वेगळं. बाहेरच्या माणसाला यातून काय द्यायचं आणि काय घ्यायचं हेच कळणार नाही.

विश्वस्तांमध्येही दोन मतं आहेत. काहींना सगळे शब्द मूळचेच हवेत, काहींना एकही नको. मला प्रत्येक शब्दाचा वेगळा विचार करायचा आहे. कोणी असं काम केलं असेल तर सांगा.

अभिजित_सिडको

मूळ शब्दच ठेवा आणि अर्थही देऊ नका. पूजा, प्रसाद, आरती हे शब्द इंग्रजी शब्दकोशांत कधीच गेले आहेत. आपण आपल्या शब्दांना कुबड्या का द्यायच्या? ज्याला कळत नाही तो विचारेल.

सुलभा_कॉलेजरोड

अभिजित, पूजा आणि प्रसाद शब्दकोशात आहेत हे बरोबर. पण ओटी, खण, सोवळं, निर्माल्य तिथे सापडणार नाहीत. आणि पर्वणीच्या गर्दीत विचारायचं तरी कोणाला?

गोदाकाठची ताई, मी हिंदी शिकवत होते आणि भाषांतराची कामं बरीच वर्षं केली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी वाचणारा कोण ते ठरवा. इंग्रजी पत्रक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोरा पर्यटक येतो. नाशकात देवळातलं इंग्रजी पत्रक उचलणारी बहुतेक माणसं भारतीयच असतात. तमिळ, तेलुगू, मल्याळी, बंगाली कुटुंबं, नाहीतर परदेशात वाढलेली आपली नातवंडं. त्यांना पूजा म्हणजे काय ते सांगणं हास्यास्पद होईल. इथे पूजेत त्यांनी काय करायचं, ते मात्र सांगावंच लागेल.

मग प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायचा. हा शब्द त्या माणसाला देवळात ऐकू येणार आहे का, किंवा पाटीवर दिसणार आहे का? "तीर्थ घ्या" असं पुजारी म्हणणार असतील, "ओटीचं सामान इकडे" असं दुकानदार ओरडणार असेल, तर तो शब्द पत्रकात हवाच. नाहीतर त्याने वाचलेलं आणि त्याला ऐकू येणारं जुळणार नाही. त्याला जो शब्द कधी भेटणारच नाही तो मूळ रूपात ठेवून काही साधत नाही. तुमच्या मजकुरातल्या 'साहित्य'ला सरळ 'सामान' म्हणा.

आणि अर्थ देताना व्युत्पत्ती किंवा तत्त्वज्ञान द्यायचं नाही, कृती द्यायची. प्रसादाचा मूळ अर्थ प्रसन्नता आहे हे खरंच सुंदर आहे, पण पत्रक वाचणाऱ्याला तो खायचा की घरी न्यायचा हे हवं असतं.

आता तुमच्या 'ऑफरिंग'कडे येते. नैवेद्य आणि प्रसाद यांत पदार्थ एकच असतो, वेळ वेगळी असते. देवापुढे ठेवतो तेव्हा तो नैवेद्य, देवाला दाखवून झाला की तोच प्रसाद. म्हणून नैवेद्याची दिशा आपल्याकडून देवाकडे आणि प्रसादाची देवाकडून आपल्याकडे. इंग्रजी 'ऑफरिंग'ला एकच दिशा आहे, देण्याची. त्यामुळे तो शब्द नैवेद्याला चालेल, प्रसादाला कधीच चालणार नाही. प्रसाद हा शब्द तसाच ठेवा आणि पुढे फक्त "देवीला दाखवलेलं अन्न, सर्वांना वाटलं जातं" एवढं इंग्रजीत लिहा.

कांदेवाले_निफाड

आमच्याकडे घरी त्र्यंबकला नारायण नागबळी करायचं ठरतंय. किती दिवस लागतात आणि कोणता महिना चांगला? इथे जाणकार दिसतात म्हणून विचारतो.

कुशावर्ताजवळ

दादा, हा धागा भाषांतराचा आहे, पण विचारलंत तर सांगतो. माझं घर त्र्यंबकचंच. विधी तीन दिवसांचा असतो आणि तीनही दिवस इथे मुक्काम करावा लागतो. मुहूर्त तुमच्या गुरुजींनाच विचारा, ते महिन्यावर नाही, तिथी-नक्षत्रावर ठरतं.

पण तुमच्यामुळे या धाग्याच्या कामाचीच गोष्ट आठवली. 'नागबळी'चं इंग्रजी लोक 'स्नेक सॅक्रिफाइस' असं करतात. बाहेरचा माणूस ते वाचतो आणि इथे साप मारतात असं समजतो. माझ्यासमोर एका पाहुण्याने हे अगदी गंभीरपणे विचारलेलं आहे. प्रत्यक्षात कणकेचा नाग करतात आणि घरात कधी, कळत-नकळत, नाग मारला गेला असेल तर त्याचं प्रायश्चित्त म्हणून त्या कणकेच्या नागावर अंत्यसंस्कार करतात. म्हणजे अर्थ अगदी उलटा झाला. बळी म्हणजे अर्पण केलेला भाग, हाही अर्थ आपल्याकडे आहे. काकबळी म्हणतो तेव्हा कावळ्याला कोणी मारत नाही, त्याला घास ठेवतो.

असल्या विधीचं नाव म्हणजे विशेषनाम. त्याचं भाषांतर करूच नये. नाव तसंच ठेवावं आणि पुढे एका वाक्यात काय होतं ते सांगावं, त्यात 'कणकेचा नाग' हे शब्द यायलाच हवेत.

कांदेवाले_निफाड

धन्यवाद. कणकेचा असतो हे मलाही नीट ठाऊक नव्हतं.

गोदाकाठची

सुलभाताई, दिशेचा मुद्दा एकदम पटला. इंग्रजीचं थोडं उलगडलं. हिंदीत मात्र अडचण येऊ नये असं वाटतं. शब्द तेच, लिपी तीच. मराठी शब्द जसेच्या तसे ठेवून क्रियापदं बदलली की झालं ना?

सुलभा_कॉलेजरोड

उलट हिंदीतच जास्त जपायला हवं, कारण शब्द ओळखीचा दिसतो आणि वाचणारा शंकाही घेत नाही.

तीर्थाचंच बघा. हिंदी माणसाला तीर्थ म्हटलं की काशी, प्रयाग, नाशिक अशी जागा आठवते. "तीर्थ लीजिए" हे त्याला वाक्यच वाटणार नाही. आपण ज्याला तीर्थ म्हणतो त्याला तो चरणामृत म्हणतो. तेव्हा "तीर्थ, यानी चरणामृत" असं दोन्ही लिहा, कारण पुजारी तर "तीर्थ घ्या" असंच म्हणणार. दाक्षिणात्य भाविकांना हा त्रास नाही, त्यांच्याकडेही तीर्थमच आहे. आणि इंग्रजीत 'होली वॉटर' नको. चर्चमध्ये ते पाणी बोटाने लावतात किंवा शिंपडतात, आपलं तीर्थ उजव्या तळव्यावर घेऊन प्यायचं असतं.

भंडारा हा दुसरा. साधुग्रामात हा शब्द रोज ऐकू येईल आणि तिथे त्याचा अर्थ पंगत. आपल्याकडे पंगतीलाही भंडारा म्हणतात, पण जेजुरीला जाणाऱ्या माणसाच्या लेखी भंडारा म्हणजे हळद. तुमच्या पत्रकात कुठे "भंडारा उधळू नये" असं असेल तर हिंदी वाचणारा जेवण उधळायचं नाही असं समजेल.

आणि प्रसाद. आपण नैवेद्य दाखवतो आणि प्रसाद घेतो. हिंदीत लोक "प्रसाद चढ़ाना" सर्रास म्हणतात. दुकानातून पेढ्याचा पुडा घेतानाच तो त्यांच्या दृष्टीने प्रसाद असतो. ही त्यांची रीत आहे, ती पत्रकातून दुरुस्त करत बसू नका. देवीला दाखवण्यासाठी 'भोग' वापरा आणि मिळतो त्याला 'प्रसाद' म्हणा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

ओटी मात्र सगळ्यांत अवघड. शब्दकोश बघून कोणी 'गोद भराई' लिहिलं तर हिंदी वाचणारीच्या मनात डोहाळजेवणासारखा गरोदर बाईचा कार्यक्रम येईल. आपण देवीची ओटी भरतो त्याचा त्याच्याशी संबंध नाही.

इंदूरची_सून

सुलभाताई, इथे थोडं वेगळं सांगते. माझं माहेर नाशिकचं, सासर इंदूरचं. सासूबाई आणि शेजारच्या हिंदी बायका देवीला साडी-नारळ वाहतात तेव्हा "माता की गोद भरना" असंच म्हणतात. 'गोद भराई' म्हटलं की गरोदर बाई, पण 'गोद भरना' म्हटलं की देवीचंही चालतं. निदान आमच्या भागात.

सुलभा_कॉलेजरोड

हे मला माळव्यातलं ठाऊक नव्हतं, चांगलं सांगितलंत. मराठी वस्ती तिथे जुनी आहे, त्याचाही परिणाम असू शकेल. पण उत्तर प्रदेश-बिहारकडून येणाऱ्या बाईला ते कळेल का, याची मला अजून खात्री वाटत नाही.

गडाखालचा

वणीचा आहे, सप्तशृंगीच्या पायथ्याला आमचं दुकान आहे, म्हणून ओटीबद्दल बोलतो. शब्द ओटीच ठेवा. दुकानावर पाटी ओटीची असते, आम्ही ओटीच म्हणतो, पुजारीही ओटीच म्हणतात. गुजरातमधून हजारो माणसं येतात, ती पहिल्यांदा विचारतात आणि दुसऱ्या खेपेला स्वतःच "ओटी आपो" म्हणतात.

अडचण सामानाची असते. पत्रकात नुसतं ओटी लिहिलं तर लोक फक्त नारळ घेऊन वर जातात आणि तिथे गेल्यावर खण लागतो हे कळतं. म्हणून ओटी म्हणजे काय हे सांगण्याऐवजी ओटीत काय असतं ते सांगा: साडी किंवा खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू, बांगड्या. साडी परवडत नसेल तर खण चालतो, हेही लिहा. न लिहिल्यामुळे गरीब बाई बिचकते आणि ओटीच भरत नाही.

आणि अजून एक. वाहिलेल्या ओटीतलं नारळ पुष्कळदा परत हातात देतात. तेव्हा तो प्रसाद. बाहेरच्या लोकांना वाटतं देवीने आपली ओटी स्वीकारली नाही, म्हणून परत केली. एका बाईंचा चेहरा खरंच पडलेला मी पाहिला आहे. सुलभाताईंनी दिशेचं सांगितलं, ते इथे अगदी लागू पडतं.

गोदाकाठची

गडाखालचे दादा, हे फार उपयोगाचं आहे. परत मिळणाऱ्या नारळाचं वाक्य मूळ मराठीतही नाही, ते विश्वस्तांना विचारून घालते.

रफिक_जुनेनाशिक

मी उलट्या बाजूने आलेला अनुभव सांगतो. आमच्या बडी दर्ग्याच्या उरुसाबद्दल मराठीत कोणी लिहितं तेव्हा तबर्रुकला 'प्रसाद', फातिहाला 'पूजा' आणि चादर चढवण्याला 'वस्त्र अर्पण' लिहितात. लिहिणाऱ्याच्या मनात आपुलकी असते हे मला कळतं. जुन्या नाशकात हिंदू शेजारी तबर्रुक घेतात आणि घरी जाऊन प्रसादच म्हणतात, त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. पण छापील मजकुरात फातिहाला पूजा म्हटलं की चुकतं. फातिहात आम्ही कुराणातला भाग वाचतो आणि गेलेल्या माणसासाठी दुआ मागतो. तिथे दर्ग्यातल्या बुजुर्गांची पूजा होत नाही, आणि नेमका हाच आरोप आमच्यातलेच काही लोक आमच्यावर करतात. तेव्हा 'पूजा' हा एक शब्द छापून आला की आमच्या घरात भांडण लागतं.

बोलताना शेजाऱ्याने आपला शब्द वापरला तर ती माया आहे. छापताना मात्र ज्याचा विधी त्याचा शब्द ठेवावा, असं मला वाटतं.

अभिजित_सिडको

रफिकभाई, हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. मी मूळ शब्द ठेवा म्हणत होतो तो फक्त आपल्या शब्दांपुरता. नियम दोन्हीकडे सारखाच लागायला हवा.

त्रिशरण

मग आमचंही ऐका. त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी बुद्धविहार आहे. तिथल्या कार्यक्रमाच्या बातमीत 'बुद्धपूजा' आणि 'प्रसाद वाटप' असं हमखास छापून येतं. आम्ही वंदना घेतो आणि खीरदान करतो. पूजा हा शब्द बौद्ध धम्मात नाहीच. तो लावला की बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचा अर्थच बदलतो.

पाली_वाचक

त्रिशरण दादा, जयभीम. भावनेशी पूर्ण सहमत, बातमीत 'बुद्धवंदना'च हवं. पण पूजा हा शब्द धम्मात नाहीच असं म्हणता येणार नाही. आपण रोज म्हणतो त्या वंदनेतच फुलं वाहतानाची गाथा आहे, त्यात 'पूजेमि' आहे. दीप आणि धूप अर्पण करतानाच्या गाथांतही 'पूजयामि' येतं. शब्द पालीत आहे, अर्थ वेगळा आहे: आदर, कृतज्ञता. मागणं नाही. मराठीत पूजा म्हटलं की नवस, अभिषेक, भटजी हे सगळं सोबत येतं, म्हणून वंदना म्हणणं बरं. कारण हे आहे, शब्द परका आहे हे नाही.

त्रिशरण

गाथा मला पाठ आहे, 'पूजेमि'ही रोज म्हणतो. तरी मराठीत छापताना पूजा नकोच, यावर मी ठाम आहे.

आणि मूळ मजकुरातल्या एका वाक्याबद्दल कोणीच बोललं नाही, त्याचं आश्चर्य वाटलं. "गाभाऱ्यात सोवळ्याशिवाय प्रवेश नाही." याचं इंग्रजी 'प्युअर' किंवा 'क्लीन' असं काही झालं तर "फक्त शुद्ध व्यक्तींनाच प्रवेश" असं वाचलं जाईल. हे नाशिक आहे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला तो याच कारणासाठी. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आमच्या आज्या-पणज्या त्या दारात उभ्या होत्या. आज कोणत्याही देवळाच्या पाटीवर माणसाच्या शुद्धतेबद्दल एक अक्षर दिसलं तर त्याचा अर्थ आम्ही एकच लावणार.

सुलभा_कॉलेजरोड

अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. ते वाक्य मी शेवटी घेणार होते, पण खरं तर ते पहिलं घ्यायला हवं होतं.

सोवळं या शब्दात दोन अर्थ मिसळले आहेत. एक कपडा, म्हणजे पूजेसाठी नेसायचं रेशमी किंवा धूतवस्त्र. दुसरा अवस्था, म्हणजे शिवाशिव टाळून पाळलेलं सोवळं. पत्रक लिहिणाऱ्यांच्या मनात बहुतेक पहिलाच अर्थ असणार, पण शब्द दुसराही घेऊन येतो. इथे मूळ शब्द ठेवून अर्थ देण्याचा उपाय पुरत नाही. ताई, तुम्ही विश्वस्तांना थेट विचारा: तुम्हाला काय हवं आहे? धोतर हवं असेल तर "गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी धोतर नेसावं, ते कार्यालयात मिळेल" असं लिहा, तिन्ही भाषांत, मराठीतसुद्धा. सोवळं हा शब्द मग कुठेच लागणार नाही. आणि त्यांच्या मनात दुसरा अर्थ असेल, तर तो प्रश्न भाषांतराचा राहत नाही. तसलं वाक्य मी तरी कोणत्याच भाषेत लिहून देणार नाही.

त्रिशरण

धन्यवाद, ताई. एवढंच हवं होतं.

घाटावरचा_स्वयंसेवक

निर्माल्याचं राहिलं. मी गणपतीत आणि श्राद्धपक्षात रामकुंड-गांधी तलावाकडे निर्माल्य गोळा करायला असतो. 'निर्माल्य' शब्द ठेवाच, कारण कलशावर तोच लिहिलेला असतो आणि माणसाने तो शोधायचा असतो. त्याचं 'वेस्ट' किंवा हिंदीत 'कूड़ा' कधीही करू नका. देवावरून उतरवलेल्या फुलांना कचरा म्हटलं की लोक दुखावतात आणि मग मुद्दाम नदीतच सोडतात. मी हे होताना बघितलंय. "ही देवाची फुलं आहेत, यांचं खत होतं" म्हटलं की तेच लोक पिशवी हातात देतात.

पण अर्थ अर्धवट दिला तरी घोटाळा होतो. एका पाटीवर निर्माल्य म्हणजे 'पूजेचं साहित्य' असा अर्थ दिला होता. मग त्या कलशात तसबिरी, फुटक्या मूर्ती, प्लास्टिकच्या पिशव्या, पणत्या, सगळं आलं. आम्हाला खतासाठी तासन्‌तास निवडत बसावं लागलं. अर्थात फक्त फुलं, हार, पानं, दूर्वा एवढंच लिहा, आणि हाराचा दोरा काढून टाका असंही जमलं तर लिहा.

गोदाकाठची

सगळ्यांचं वाचून हिंदी असं केलं आहे. सोवळ्याचं वाक्य विश्वस्तांचं उत्तर येईपर्यंत बाजूला ठेवलंय.

"दोपहर 12 बजे देवी को भोग लगेगा और आरती होगी। उसके बाद तीर्थ, यानी चरणामृत, और प्रसाद मिलेगा। तीर्थ दाहिनी हथेली पर लेकर पिएँ। देवी की ओटी भरनी हो तो साड़ी या ब्लाउज़ का कपड़ा, नारियल, चावल, हल्दी-कुंकू और चूड़ियाँ पुजारी जी को दें। लौटाया गया नारियल देवी का प्रसाद है। निर्माल्य, यानी देवी पर चढ़े फूल, हार और पत्ते, नदी में न डालें। इन्हें 'निर्माल्य कलश' में डालें, इनसे खाद बनती है।"

इंग्रजीत प्रसाद, तीर्थ, ओटी, निर्माल्य आणि आरती एवढेच पाच शब्द मूळ ठेवले. नैवेद्याच्या जागी "देवीला अन्न अर्पण होईल" असं साधं वाक्य केलं, कारण तो शब्द भाविकाला तिथे ऐकू येत नाही. ठीक वाटतं का? आणि दक्षिणेचं काय करू? तिथेच अडले आहे.

सुलभा_कॉलेजरोड

छान झालंय. 'तीर्थ दाहिनी हथेली पर लेकर पिएँ' हे वाक्य तर फार चांगलं. दोन बारीक गोष्टी सांगते.

पत्रकाची घडी कशी आहे ते बघा. अर्थ पहिल्या उल्लेखालाच द्यायचा हा नियम पुस्तकात चालतो, कारण पुस्तक सुरुवातीपासून वाचतात. घडीच्या पत्रकात माणूस त्याला हवी तीच बाजू बघतो. निर्माल्याचा अर्थ आतल्या पानावर दिला आणि मागच्या पानावर नुसतं निर्माल्य लिहिलं तर काही उपयोग नाही. प्रत्येक घडीवर एकदा द्या. भिंतीवरच्या पाटीला तर प्रत्येक पाटीवर.

दुसरं, इंग्रजी अक्षरांत लिहिताना आपण बोलतो तसंच लिहा. प्रसादच्या शेवटी संस्कृत पद्धतीचा 'अ' लावू नका, डोक्यावर रेघाही नकोत. आणि एकदा ठरवलेलं स्पेलिंग पाट्यांवर, पावतीवर आणि पत्रकावर एकच राहू द्या. पावतीवर एक आणि पाटीवर दुसरं असेल तर लोकांना दोन वेगळे विधी वाटतात.

कुशावर्ताजवळ

दक्षिणेबद्दल मी सांगतो, आमचा रोजचाच विषय आहे. 'फी' लिहू नका. फी म्हणजे ठरलेली रक्कम, दिली नाही तर काम होणार नाही. दक्षिणा विधी पूर्ण झाल्यावर देतात, विधीचाच भाग म्हणून. 'डोनेशन'ही नको, कारण ती देणगी, ती संस्थानाला जाते आणि तिची पावती मिळते. म्हणून दक्षिणा शब्द ठेवावा आणि "विधी करणाऱ्या गुरुजींना दिली जाणारी रक्कम" एवढं सांगावं.

अभिजित_सिडको

पण मग भाविकाला किती द्यायची ते कसं कळणार? "दक्षिणा वेगळी" एवढंच छापून ठेवलं की बाहेरगावचा माणूस घासाघीस करत उभा राहतो, किंवा त्याच्याकडून जास्त उकळलं जातं. हे मी एका ठिकाणी माझ्या पाहुण्यांच्या बाबतीत अनुभवलंय. आकडा ठरलेला असेल तर ती फीच आहे, तिला फी म्हणा आणि आकडा छापा. ठरलेला नसेल तर "ऐच्छिक" असं स्पष्ट लिहा. नुसता मूळ शब्द ठेवला तर त्याच्याआड हे झाकलं जातं.

कुशावर्ताजवळ

ऐच्छिक म्हणणंही तितकंसं खरं नाही, दादा. रक्कम ऐच्छिक असते, देणं ऐच्छिक नसतं. दक्षिणेशिवाय विधी अपुरा मानतात. सांगायचं तर "यथाशक्ती" हा आपला जुना शब्द आहे, संकल्पातही तोच येतो.

अभिजित_सिडको

यथाशक्ती मराठी आणि हिंदी माणसाला कळेल. तमिळ कुटुंबाला इंग्रजीत काय सांगणार? आणि माझ्या पाहुण्यांना "यथाशक्ती म्हणजे कमीत कमी इतके" असंच सांगितलं होतं.

सुलभा_कॉलेजरोड

दोघांचंही म्हणणं एका पत्रकात बसू शकतं असं मला वाटतं, पण त्यासाठी मुळात मराठी मजकूर स्पष्ट हवा. अभिषेकाचं शुल्क, संस्थानाची देणगी आणि गुरुजींची दक्षिणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मूळ वाक्यात तिसरी नुसती "वेगळी" म्हणून सोडली आहे. जे मराठीत मोघम आहे ते भाषांतरात भाषांतरकाराने स्वतःच्या मनाने ठरवू नये. ताई, सोवळ्याबरोबर हाही प्रश्न विश्वस्तांपुढे ठेवा.

गोदाकाठची

दोन्ही प्रश्न लेखी देते. पुढच्या आठवड्यात बैठक आहे, तोवर दक्षिणेची ओळ तिन्ही भाषांत कोरी ठेवली आहे. इंदूरच्या ताई, एक विनंती. सासूबाईंना हिंदीतला ओटीचा परिच्छेद वाचून दाखवाल का? काहीही समजावून न सांगता, आणि मग फक्त एवढंच विचारा की दुकानात जाऊन त्या काय काय मागतील.

इंदूरची_सून

आज संध्याकाळीच वाचून दाखवते. शेजारी बिहारच्या एक वहिनी आहेत, त्यांनाही बोलावते.